कारखान्यातून शोरूमला बाजारभावाने माल दिला, तर पडून राहिलेल्या मालातल्या नफ्याचं काय करायचं?

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत स्टीलची कपाटं बनवणारा एक छोटा कारखाना आहे आणि त्याच मालकाचं पुण्यात एक शोरूम आहे. कपाटं कारखान्यात तयार होतात, टेम्पोने शोरूमला येतात आणि तिथून गिऱ्हाइकाच्या घरी जातात. धंदा एकच आणि मालकही एकच, पण मालकाला दोन वेगळ्या गोष्टी कळायला हव्या आहेत. कारखाना स्वस्तात माल बनवतो का, आणि शोरूम तो माल नीट विकतं का?

माल कारखान्यातून शोरूमकडे फक्त खर्चाच्या भावाने वर्ग केला, तर सगळा नफा शोरूमच्या नावावर दिसतो आणि कारखाना चांगला चालला की वाईट, ते कागदावर कळतच नाही. म्हणून ज्या भावात शोरूमला हेच कपाट बाहेरच्या दुसऱ्या उत्पादकाकडून घाऊक मिळालं असतं, त्या भावाने माल वर्ग करायची पद्धत आहे. आपल्या उदाहरणात तो भाव नगामागे ६,००० रुपये धरू. एवढ्यापेक्षा कमी खर्चात कपाट बनलं तर उरलेली रक्कम कारखान्याची कमाई, जास्त खर्चात बनलं तर कारखान्याचा तोटा.

ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्या पोटात एक अडचण दडलेली आहे. कारखान्याने नफा लावून दिलेली काही कपाटं ३१ मार्चला शोरूममध्येच उभी असतात. त्यांच्यावरचा नफा खात्यात आला, पण गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही आला नाही. चेक वटल्याशिवाय पैसे आले असं आपण म्हणत नाही, तसाच हा न वटलेला नफा. पाठ्यपुस्तकात त्याला अप्राप्त नफा म्हणतात. तो कसा मोजायचा आणि कुठून वजा करायचा, हे ३१ मार्च २०२५ला संपलेल्या वर्षाचे आकडे घेऊन सुरुवातीपासून पाहू.

पायरी १: कपाट बनवायला खरोखर किती खर्च आला ते काढा

हे काम उत्पादन खात्यात होतं. सुरुवात कच्च्या मालापासून करायची. वर्षाच्या सुरुवातीला सीआर पत्रा, बिजागऱ्या, हँडल, कुलपं असा ४,००,००० रुपयांचा माल शिल्लक होता. वर्षभरात ३४,५०,००० ची खरेदी झाली आणि तो माल कारखान्यापर्यंत आणायला ५०,००० रुपये भाडं गेलं. अखेरीला ५,००,००० चा कच्चा माल उरला. म्हणजे वापरला गेला ३४,००,००० चा.

त्यात कारागिरांची मजुरी १३,२०,००० आणि पावडर कोटिंगचं बाहेरचं जॉबवर्क, नगामागे १५० रुपये म्हणजे १,८०,००० मिळवलं की मूळ खर्च, ज्याला ऑफिसात सगळे प्राइम कॉस्ट म्हणतात, तो ४९,००,००० होतो.

मग कारखान्याचे इतर खर्च घ्यायचे. सुपरवायझरचा पगार ३,६०,०००, जागेचं भाडं ३,००,०००, वीज २,४०,०००, शिअरिंग मशीन आणि प्रेसचा घसारा १,६०,०००, दुरुस्ती आणि तेलपाणी १,१०,०००. बेरीज ११,७०,०००. पत्र्याच्या कातरणीचा भंगार ४०,००० ला विकला गेला, तो यातून वजा करायचा. हा भंगार काही जण नफा-तोटा खात्यात इतर उत्पन्न म्हणून टाकतात. पण ती कातरण कपाट बनवतानाच निघाली आहे, म्हणून तिने कपाटाचाच खर्च हलका केला पाहिजे.

शेवटी अर्धवट माल. १ एप्रिलला कारखान्यात वेल्डिंग झालेले पण रंगवायचे राहिलेले सांगाडे १,९०,००० चे होते, ३१ मार्चला तसे २,२०,००० चे आहेत. सुरुवातीचे मिळवायचे, अखेरचे वजा करायचे.

| तपशील | रुपये |
|---|---|
| मूळ खर्च | ४९,००,००० |
| कारखान्याचे खर्च, भंगार वजा जाता | ११,३०,००० |
| आरंभीचा अर्धवट माल | १,९०,००० |
| वजा अखेरचा अर्धवट माल | (२,२०,०००) |
| तयार मालाचा उत्पादन खर्च | ६०,००,००० |

वर्षभरात १,२०० कपाटं तयार झाली. म्हणजे एक कपाट ५,००० रुपयांना पडलं.

इथे एकच काळजी घ्यायची. शोरूमचं भाडं, विक्रेत्यांचे पगार, गिऱ्हाइकाच्या घरी कपाट पोचवायचं भाडं, हिशेबनिसाचा पगार यांतलं काहीही या खात्यात येऊ द्यायचं नाही. एका बिलात कारखाना आणि ऑफिस दोन्हीची वीज असेल तर आधी ती वाटून घ्या. इथला आकडा चुकला तर पुढचा न वटलेला नफाही चुकतो, कारण तो या ५,००० वरच उभा आहे.

पायरी २: माल बाजारभावाने वर्ग करा

१,२०० कपाटं गुणिले ६,००० म्हणजे ७२,००,००० रुपये. उत्पादन खात्याच्या जमा बाजूला लिहायचं: व्यापार खात्याला वर्ग केलेला तयार माल, ७२,००,०००. नावे बाजूला खर्च आहे ६०,००,०००. फरक १२,००,००० हा कारखान्याचा नफा. तो उत्पादन खात्याच्या नावे बाजूला लिहून खातं बंद करायचं आणि तोच आकडा नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला न्यायचा.

या दुसऱ्या टोकाचा विसर सर्वांत जास्त पडतो. ७२ लाख व्यापार खात्यात गेले, उत्पादन खातं जुळलं, आणि १२ लाख उत्पादन खात्यातच राहिले. मग ताळेबंद बरोबर १२ लाखांनी जुळत नाही. फरकाचा आकडा कारखान्याच्या नफ्याएवढाच निघाला, तर दुसरीकडे शोधू नका.

पायरी ३: व्यापार खातं, जिथे सगळा माल एकाच भावाच्या भाषेत बोलतो

व्यापार खात्यात कपाटांचा मूळ खर्च कुठेच दिसत नाही. शोरूमच्या दृष्टीने कपाटाचा भाव म्हणजे ट्रान्सफर प्राइस, म्हणजे ज्या भावाने कारखान्याने ते दिलं तो भाव. त्यामुळे आरंभीचा साठा, आलेला माल आणि अखेरचा साठा हे तिन्ही आकडे ट्रान्सफर प्राइसलाच लिहायचे. एक जरी खर्चाच्या भावाने लिहिला तर खात्यातला ढोबळ नफा निरर्थक होतो.

आधी नग मोजा. रुपयांना हात घालण्याआधी नगांचा हिशेब जुळला पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला शोरूममध्ये १२० कपाटं होती, १,२०० आली, १,१४० विकली गेली, १८० उरली.

आता भाव. मागच्या वर्षी पत्रा स्वस्त होता, कपाट ४,६०० ला पडत होतं आणि शोरूमला ५,७५० ने दिलं जात होतं. म्हणून आरंभीचा साठा १२० गुणिले ५,७५० म्हणजे ६,९०,००० रुपये. अखेरचा साठा यंदाच्या भावाने १८० गुणिले ६,००० म्हणजे १०,८०,००० रुपये. जुनी १२० कपाटं आधी विकली गेली आणि उरलेली सगळी यंदाची, असं इथे धरलं आहे. विक्री ७,५०० रुपये नगाने ८५,५०,००० झाली.

| व्यापार खातं | रुपये |
|---|---|
| विक्री | ८५,५०,००० |
| आरंभीचा साठा | ६,९०,००० |
| कारखान्याकडून आलेला माल | ७२,००,००० |
| वजा अखेरचा साठा | (१०,८०,०००) |
| विकलेल्या मालाची किंमत | ६८,१०,००० |
| ढोबळ नफा | १७,४०,००० |

शोरूमने स्वतःच्या बळावर मिळवलेला नफा तो हाच. कारखान्याचे १२ लाख यात नाहीत.

पायरी ४: न वटलेला नफा मोजा

हे काम घाईने करू नका. शोरूममध्ये उरलेल्या १८० कपाटांची किंमत खात्यात १०,८०,००० आहे. त्यात कारखान्याचा नफा किती?

एका कपाटावर जाऊन पाहा. ५,००० खर्च, ६,००० भाव, १,००० नफा. १८० कपाटांवर १,८०,०००. नग आणि दर हातात असतील तर इतकं सोपं आहे. पण परीक्षेत आणि पुष्कळदा ऑफिसातही नग मिळत नाहीत. मिळतं एक वाक्य: "कारखाना खर्चावर २० टक्के नफा लावून माल वर्ग करतो." आणि साठ्याचा एक आकडा: १०,८०,०००.

इथे १०,८०,००० चे २० टक्के काढून २,१६,००० लिहिले जातात. हे चूक आहे, कारण २० टक्के खर्चावरचे आहेत आणि १०,८०,००० मध्ये खर्च आणि नफा दोन्ही आहे. १०० रुपयांच्या खर्चावर २० नफा, म्हणजे १२० चा माल. त्या १२० मधले २० नफ्याचे. म्हणून गुणक २०/१२०, म्हणजे १/६.

```
न वटलेला नफा = अखेरचा साठा × टक्के ÷ (१०० + टक्के)
             = १०,८०,००० × २० ÷ १२०
             = १,८०,०००
```

नफा खर्चावर २५ टक्के असेल तर भाग १२५ ने, म्हणजे साठ्याचा पाचवा हिस्सा. १० टक्के असेल तर अकरावा. पण प्रश्नात "ट्रान्सफर प्राइसवर २० टक्के नफा" असं लिहिलं असेल, तर मात्र सरळ साठ्याचे २० टक्के घ्यायचे. टक्केवारी कशावरची आहे, हे वाक्य दोनदा वाचल्याशिवाय कॅल्क्युलेटर उचलू नका.

चूक झाली की नाही ते लगेच तपासता येतं. साठ्यातून काढलेला नफा वजा करा. उरलेली रक्कम खर्च असायला हवी, आणि तिच्यावर दिलेला टक्का लावला की पुन्हा तोच नफा यायला हवा. १०,८०,००० वजा १,८०,००० म्हणजे ९,००,०००, त्याचे २० टक्के १,८०,०००. जुळलं. चुकीच्या रीतीने: १०,८०,००० वजा २,१६,००० म्हणजे ८,६४,०००, त्याचे २० टक्के १,७२,८००. जुळलं नाही.

पायरी ५: फक्त फरक नफा-तोटा खात्याला लावा

आता १,८०,००० संपूर्ण वजा करायचे का? कारखान्याने पहिल्याच वर्षी अशा पद्धतीने माल दिला असेल तर हो. पण आपल्याकडे मागच्या वर्षाचाही माल आहे. ३१ मार्च २०२४ला उरलेल्या १२० कपाटांत नगामागे १,१५० रुपये नफा होता, म्हणून तेव्हा १,३८,००० ची तरतूद केली होती. ती अजून खात्यात शिल्लक आहे. मग यंदा फक्त वाढ लावायची.

```
लागणारी तरतूद, ३१ मार्च २०२५    १,८०,०००
आधीची तरतूद, १ एप्रिल २०२४       १,३८,०००
यंदाची वाढ                         ४२,०००
```

रोजकीर्दीत नोंद अशी:

```
नफा-तोटा खाते ............................ नावे   ४२,०००
     अप्राप्त नफा तरतूद खात्याला                       ४२,०००
(अखेरच्या साठ्यातील अप्राप्त नफ्याच्या तरतुदीत वाढ)
```

माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुलं इथे विचारतात, की साठ्यात १,८०,००० अडकलेले असताना ४२,०००च का? या प्रश्नाला नियमाने उत्तर देण्यापेक्षा कपाटं मोजून दाखवलेलं बरं. यंदा गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली १,१४० कपाटं घ्या. त्यांतली १,०२० यंदाची, त्यांवर कारखान्याचा नफा १,००० प्रमाणे १०,२०,०००. उरलेली १२० मागच्या वर्षीची, त्यांवर १,१५० प्रमाणे १,३८,०००. म्हणजे यंदा खरोखर वटलेला कारखान्याचा नफा ११,५८,०००. खात्यात आपण घेतले १२,००,०००. फरक बरोबर ४२,०००. मागच्या वर्षी अडवून ठेवलेला नफा यंदा सुटला आणि यंदाचा अडला, एवढंच तरतूद सांगते.

याच कारणाने आधीची तरतूद मागच्या वर्षीच्या दराने मोजायची असते. चाचणी तेरजेत १,३८,००० दिलेलेच असतील तर प्रश्न नाही. पण आरंभीचा साठा फक्त ६,९०,००० दिला असेल आणि तुम्ही त्यालाही यंदाचा १/६ लावलात, तर १,१५,००० येतात आणि वाढ ६५,००० होते. मागच्या वर्षी नफा खर्चावर २५ टक्के होता, म्हणून पाचवा हिस्सा घ्यायचा.

आता नफा-तोटा खातं पटकन मांडून टाकू.

| नफा-तोटा खातं | रुपये |
|---|---|
| व्यापार खात्यातला ढोबळ नफा | १७,४०,००० |
| कारखान्याचा नफा | १२,००,००० |
| शोरूमचं भाडं | (४,८०,०००) |
| विक्रेत्यांचे पगार | (५,४०,०००) |
| जावक वाहतूक | (२,७०,०००) |
| ऑफिस खर्च | (३,१०,०००) |
| अप्राप्त नफा तरतुदीतली वाढ | (४२,०००) |
| निव्वळ नफा | १२,९८,००० |

पायरी ६: ताळेबंदात साठा खर्चाच्या भावावर आणा

ताळेबंदाच्या संपत्ती बाजूला तयार मालाचा साठा १०,८०,००० लिहून त्यातून संपूर्ण तरतूद १,८०,००० वजा करायची आणि ९,००,००० बाहेरच्या रकान्यात न्यायचे. इथे ४२,००० वजा करणं ही पायरी पाचची चूक उलट्या बाजूने केल्यासारखं आहे. नफा-तोटा खात्यात वाढ आणि ताळेबंदात संपूर्ण शिल्लक, असं लक्षात ठेवा. कच्चा माल ५,००,००० आणि अर्धवट माल २,२०,००० यांना हात लावायचा नाही. ते कारखान्यातून बाहेर पडलेलेच नाहीत, त्यांच्यावर नफा चढलेला नाही.

हे करणं ऐच्छिक नाही. साठ्याच्या मूल्यांकनाचं एएस २ हे मानक सांगतं, की साठा खर्च आणि निव्वळ वसूल होणारं मूल्य यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवायचा. इथे खर्च ५,०००. वसूल होणारं मूल्य म्हणजे ७,५०० तून विक्रीचा खर्च वजा जाता जे उरेल ते, आणि ते ५,००० पेक्षा जास्तच आहे. म्हणून ५,०००. घाऊक बाजारातले ६,००० या तुलनेत येतच नाहीत.

याचा परिणाम बँकेपर्यंत जातो. कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या एका धंद्याच्या कागदपत्रांत मी हे पाहिलं आहे. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार माल ट्रान्सफर प्राइसला लिहिला जात होता, कारण शोरूमच्या रजिस्टरात तोच भाव होता. आपल्या आकड्यांत सांगायचं तर १०,८०,००० वर २५ टक्के मार्जिन सोडून उचल मिळते ८,१०,०००, आणि खऱ्या ९,००,००० वर ६,७५,०००. म्हणजे १,३५,००० रुपयांची उचल अशा मालावर, ज्याची तेवढी किंमत धंद्याने मोजलीच नव्हती. ताळेबंद झाला तेव्हा बँकेने दोन आकड्यांमधला फरक विचारला आणि मालकाला एकदम रक्कम भरावी लागली. माणूस प्रामाणिक होता, पण रजिस्टरातला भाव कसला आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही शोरूमचा साठा लिहिणार असाल, तर रकान्याच्या डोक्यावर "ट्रान्सफर प्राइसने" असे शब्द लिहून ठेवा.

पायरी ७: सगळं खर्चाच्या भावाने पुन्हा करून पाहा

उत्तर बरोबर आहे की नाही याची याहून भक्कम तपासणी मला माहीत नाही. कारखाना आणि शोरूम यांच्यातला व्यवहार झालाच नाही असं समजायचं आणि नफा थेट काढायचा.

```
आरंभीचा साठा, १२० × ४,६००        ५,५२,०००
यंदाचा उत्पादन खर्च               ६०,००,०००
वजा अखेरचा साठा, १८० × ५,०००     (९,००,०००)
विकलेल्या मालाचा खर्च             ५६,५२,०००

विक्री                            ८५,५०,०००
वजा विकलेल्या मालाचा खर्च        (५६,५२,०००)
वजा इतर खर्च                     (१६,००,०००)
निव्वळ नफा                        १२,९८,०००
```

तोच आकडा आला. ट्रान्सफर प्राइस ६,००० ठेवा, ६,५०० ठेवा की ५,२०० ठेवा, धंद्याचा एकूण नफा बदलता कामा नये. फक्त कारखाना आणि शोरूम यांच्यातली वाटणी बदलते. तुमच्या उत्तरात भाव बदलल्यावर निव्वळ नफा हलत असेल, तर तरतुदीतच काहीतरी चुकलं आहे.

आकडे इतके सरळ नसतात तेव्हा

पहिली गोष्ट, उरलेला सगळा माल यंदाचाच असेल असं नाही. शोरूमच्या मागच्या खोलीत मागच्या वर्षीची ३० कपाटं खरोखर पडून असतील, तर साठा दोन भागांत मोजा. ३० कपाटं ५,७५० ने आणि १५० कपाटं ६,००० ने, मिळून १०,७२,५००. नफाही दोन भागांत: ३० वर १,१५० प्रमाणे ३४,५०० आणि १५० वर १,००० प्रमाणे १,५०,०००, मिळून १,८४,५००. वजाबाकी ८,८८,०००. आणि ३० गुणिले ४,६०० अधिक १५० गुणिले ५,००० केलं तरी ८,८८,०००च येतात. जुनी कपाटं आधी विकली गेली असं तेव्हा धरता येत नाही, म्हणून व्यापार खात्यातही हाच साठा घ्यायचा.

दुसरी गोष्ट, शोरूम बाहेरूनही माल घेत असेल. कपाटांसोबत विकायला घेतलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा गाद्या अखेरच्या साठ्यात असतील, तर त्यांच्यावर आपल्या कारखान्याचा नफा नाही. त्यांचे पैसे बाहेरच्याला खरोखर मोजले आहेत. तरतूद काढण्याआधी तो माल साठ्याच्या आकड्यातून बाजूला काढा.

तिसरी गोष्ट जरा वेगळी. शोरूम पुण्यात न राहता पणजीत निघालं, तर गोव्यात वेगळी जीएसटी नोंदणी लागेल आणि मालक एकच असूनही माल पाठवताना टॅक्स इन्व्हॉइस करावं लागेल. इन्व्हॉइस निघालं म्हणजे विक्री झाली, असं काही जणांना वाटतं आणि तरतूद वगळली जाते. जीएसटीच्या दृष्टीने तो पुरवठा आहे, पण धंद्याच्या एकत्र हिशेबात माल अजून घरातच आहे. न वटलेला नफा तिथेही काढावाच लागतो.

आणि कारखान्याला तोटा झाला तर? समजा पत्रा महागला आणि कपाट ६,२०० ला पडलं, पण बाजारभाव ६,०००च राहिला. मग नगामागे २०० रुपये तोटा. तो उत्पादन खात्याच्या जमा बाजूला येऊन नफा-तोटा खात्याच्या नावे जातो. साठ्यात नफाच नाही, म्हणून नवी तरतूद नको, आणि जुनी शिल्लक असेल ती पूर्ण परत नफा-तोटा खात्यात जमा करायची. बहुतेक जण इथे थांबतात. पण एएस २ प्रमाणे पाहिलं, तर कपाट ७,५०० ला विकलं जाणार असेल तेव्हा त्याचा खर्च ६,२०० पूर्ण वसूल होणार आहे. मग ताळेबंदात साठा ६,०००ला कमी दाखवायला आधार नाही, तो ६,२०० ला आला पाहिजे. अपवाद एवढाच, की खर्च वाढला तो नेहमीपेक्षा जास्त पत्रा वाया गेल्याने किंवा कामगार बसून राहिल्याने वाढला असेल, तर तो असाधारण भाग साठ्याच्या किमतीत घ्यायचा नाही, त्याच वर्षीच्या नफ्यातून सोसायचा.

शेवटी पुढच्या वर्षाची तयारी. तरतूद खात्यात १,८०,००० जमा शिल्लक पुढे जाते. समजा ३१ मार्च २०२६ला शोरूममध्ये १०० कपाटंच उरली आणि नगामागे नफा १,०००च राहिला. लागणारी तरतूद १,००,०००, आधीची १,८०,०००. मग ८०,००० कमी करायचे आणि नोंद उलटी:

```
अप्राप्त नफा तरतूद खाते .................. नावे   ८०,०००
     नफा-तोटा खात्याला                               ८०,०००
```

हे ८०,००० नफ्यात मिळवले जातात, कारण मागे अडवलेला नफा त्या वर्षी गिऱ्हाइकाने पैसे मोजून सोडवलेला असतो.